मुहम्मद मार्माड्यूक पिकथॉल: कुरआनचा ‘अर्थ’ लिहिणारा माणूस

आपली मुलं मदरशात कुरआन तोंडपाठ करतात, पण अर्थ विचारला तर गप्प होतात. मग अरबीचा आग्रह कशाला, मराठीत किंवा उर्दूत वाचलं तर काय बिघडलं, असा प्रश्न आपल्याच घरातून येतो. याचं उत्तर एका इंग्रज माणसाच्या आयुष्यात चांगलं सापडतं.

मार्माड्यूक पिकथॉल यांचा जन्म 1875 साली लंडनमध्ये एका ख्रिस्ती पाद्र्याच्या घरी झाला. अठरा-एकोणीस वर्षांचे असताना ते इजिप्त, पॅलेस्टाईन आणि सीरियात फिरले आणि तिथल्या माणसांत राहून अरबी शिकले. पुढे कादंबरीकार म्हणून त्यांचं नाव झालं. 1917 साली त्यांनी उघडपणे इस्लाम स्वीकारला.

1920 साली ते मुंबईला आले आणि ‘बॉम्बे क्रॉनिकल’चे संपादक झाले. 1924 मध्ये ते काम सुटलं, त्यानंतर ते हैदराबादेत निजामाच्या नोकरीत गेले. आधी हायस्कूलचे मुख्याध्यापक आणि मग ‘इस्लामिक कल्चर’ या त्रैमासिकाचे संपादक. कुरआनचं इंग्रजी काम पूर्ण करता यावं म्हणून निजामाने त्यांना दोन वर्षांची पगारी रजा दिली.

काम होत आलं तसे ते कैरोला गेले. उद्देश असा की अरबीच्या जाणकारांकडून मजकूर तपासून घ्यावा आणि जमलं तर अल-अजहरच्या उलमांची संमती मिळवावी. तपासणीला जाणकार मिळाले, पण अजहरमध्ये तर्जुम्यालाच मोठा विरोध होता. त्यामागची भीती समजून घेतली पाहिजे. तुर्कस्तानात 1924 साली खिलाफत संपली होती आणि इबादतही तुर्की भाषेतच करावी असा विचार तिथे जोर धरत होता. 1932 पासून तिथे अजानसुद्धा तुर्कीत द्यावी लागली, ती 1950 साली परत अरबीत आली. तर्जुमा एकदा आला की तो मूळ कुरआनची जागा घेईल, असं इजिप्तच्या उलमांना वाटत होतं.

यातून वाट निघाली ती नावातून. ग्रंथाला ‘कुरआन’ म्हणायचं नाही, ‘कुरआनचा अर्थ’ म्हणायचं. पिकथॉल यांना हे पटलेलंच होतं. म्हणून 1930 साली पुस्तक निघालं ते ‘द मीनिंग ऑफ द ग्लोरियस कुरान’ या नावाने. कुरआनचा तर्जुमा होऊच शकत नाही, असं त्यांनी प्रस्तावनेतच सांगून टाकलं.

त्यांची अडचण एका लहान सूरेत दिसते. सूरह इख्लासच्या चारही आयती एकाच ध्वनीवर संपतात: अहद, समद, यूलद, अहद. लहान मुलाला ती दोन दिवसांत पाठ होते ती यामुळेच. त्यातला ‘समद’ हा एक शब्द घ्या. ज्याला कुणाची गरज नाही आणि ज्याच्याकडे सगळे गरज घेऊन जातात, इतकं त्यात आहे. पिकथॉल यांना त्यासाठी अनेक शब्दांचा वाक्प्रचार करावा लागला. अर्थ पोहोचला, पण तो ध्वनी आणि तो नेमकेपणा मागे राहिला. ‘अल्लाह’ हा शब्द तर त्यांनी तसाच ठेवला. इंग्रजीतल्या देववाचक शब्दाचं अनेकवचन होतं, स्त्रीलिंग होतं, अल्लाह या शब्दाचं होत नाही.

आता तरावीहकडे बघा. हाफिज पुढे पढतात, चुकून एखादा शब्द राहिला तर मागचा हाफिज लगेच लुकमा देतो. हे का जमतं, तर दोघांच्या छातीत शब्दन् शब्द तोच आहे म्हणून. प्रत्येकजण आपापल्या भाषेतला तर्जुमा पढू लागला तर चूक कोणती हे कोण ठरवणार? पिकथॉल यांचा मजकूर कैरोत दुरुस्त झाला, कारण ते माणसाचं काम होतं. तर्जुमा सुधारता येतो, बदलता येतो, एकाच्या शेजारी दुसरा ठेवता येतो. कुरआनचं तसं नाही.

फिकहमध्ये यावर जुनी चर्चा आहे. इमाम अबू हनीफा यांनी नमाजेत फारसी किरातीची मुभा दिली होती, असं त्यांच्या मजहबच्या ग्रंथांत नोंदलेलं आहे. त्यांचे शागिर्द अबू यूसुफ आणि मुहम्मद यांनी ती मुभा ज्याला अरबी उच्चारताच येत नाही त्याच्यापुरती ठेवली. पुढे हनफी मजहबमध्ये त्यांचंच मत मान्य झालं. म्हणजे अडचण ओळखली गेली, पण नियम अरबीचाच राहिला.

पिकथॉल 1936 साली इंग्लंडमध्ये वारले आणि ब्रुकवुडच्या कब्रस्तानात दफन झाले. 1938 मध्ये हैदराबादेत त्यांचा ग्रंथ पुन्हा छापला गेला, तेव्हा इंग्रजीच्या सोबत अरबी मूळ होतं. आपल्या घरातल्या तर्जुम्यांचीही रचना बहुधा अशीच असते.

तेव्हा आपल्या मुलांच्या बाबतीत पाठांतर की अर्थ, असा सवालच चुकीचा आहे. नमाजेत अरबी लागतेच. पण ज्या माणसाने कुरआनचा तर्जुमा होत नाही असं मानलं, त्यानेच अर्थ पोहोचवण्यासाठी वर्षं घालवली, हेही विसरून चालणार नाही. मुलाने आज पाठ केलेली सूरह रात्री जेवणानंतर त्याच्याकडून ऐकावी आणि तिचा मराठी अर्थ त्याच बैठकीत वाचून दाखवावा. एवढं काम मदरशाचं नाही, आपलं आहे.