डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे : किती कॅलरी पुरतात?

पालक सभेत एक प्रश्न हमखास येतो. दोन मुलं एकाच वर्गात, एकाच उंचीची, वजनही जवळपास सारखं. एक दोन वाट्या खिचडी संपवून पुन्हा मागतं, दुसऱ्याला एकच पुरते. मग दुसरं उपाशी राहतंय का? या प्रश्नावर एका मराठी माणसाने आयुष्याची शेवटची वीस-पंचवीस वर्षं घालवली. आपल्या पाठ्यपुस्तकांत त्यांचं नाव फारसं दिसत नाही, म्हणून हा लेख.

पांडुरंग सुखात्मे यांचा जन्म 27 जुलै 1911 रोजी सातारा जिल्ह्यातल्या बुध या गावी झाला. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजातून 1932 साली ते गणित घेऊन पदवीधर झाले. पुढे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात संख्याशास्त्र शिकले आणि 1936 साली त्यांना पीएच.डी. मिळाली. परत आल्यावर 1940 ते 1951 ते दिल्लीत कृषी संशोधन परिषदेत होते. गहू-तांदळाचं पीक किती आलं हे तेव्हा बहुतेक अंदाजानेच सांगितलं जायचं. सुखात्म्यांनी शेतं यादृच्छिक पद्धतीने निवडायची, त्यांतला ठरावीक तुकडा प्रत्यक्ष कापायचा आणि धान्य तोलायचं, ही पद्धत देशभर रुजवली. थोडी शेतं नीट निवडून मोजली की साऱ्या जिल्ह्याचा अंदाज येतो, आणि तो अंदाज किती चुकू शकतो हेही सांगता येतं. हे दुसरं वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

1951 साली ते रोमला, संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत संख्याशास्त्र विभागाचे संचालक म्हणून गेले. जगातली दोन-तृतीयांश माणसं उपाशी आहेत, असं त्या काळी सर्रास बोललं जायचं. सुखात्म्यांनी आकडे तपासले. 1961 साली लंडनच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीपुढे वाचलेल्या निबंधात त्यांनी भूक आणि कुपोषण वेगळं केलं. कॅलरीच कमी पडतात अशी माणसं साधारण 10 ते 15 टक्के, आणि आहाराचा दर्जा कमी असलेली धरली तर आकडा निम्म्यापर्यंत जातो, असा त्यांचा अंदाज होता.

पण कमी म्हणजे कशापेक्षा कमी? इथे गरजेचा आकडा लागतो. तो कसा काढतात ते एका उदाहरणाने पाहू. (बोलताना आपण कॅलरी म्हणतो ती खरं तर किलोकॅलरी असते. इथेही तेच.)

35 वर्षांची, 55 किलो वजनाची बाई घ्या. ती दिवसभर अंथरुणावर पडून राहिली तरी हृदय, श्वास, मेंदू, शरीराची ऊब यांना ऊर्जा लागतेच. ही झाली मूलभूत गरज. 30 ते 60 वयाच्या स्त्रियांसाठीचं प्रचलित सूत्र असं:

8.126 × वजन + 845.6

आपल्या बाईसाठी ते येतं सुमारे 1290. हे सूत्र मुख्यतः परदेशी लोकांच्या मोजमापांवरून काढलेलं आहे. भारतीयांची मूलभूत गरज त्याहून सुमारे 10 टक्के कमी धरतात, म्हणजे 1160. आता कामाचा गुणक लावायचा. बैठं काम असेल तर 1.4, म्हणजे सुमारे 1620. दिवसभर चालणं, पाणी भरणं, झाडलोट असेल तर 1.8, म्हणजे जवळजवळ 2090. वय तेच, वजन तेच, आणि फरक साडेचारशेहून जास्त. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2020 च्या तक्त्यात अशा स्त्रीसाठी 1660 आणि 2130 आहेत, म्हणजे आपलं गणित फार दूर गेलेलं नाही.

आता काम हुबेहूब सारखं असलेल्या दोघी घेतल्या तरी गरज जुळत नाही. 55 किलोत एकीचं स्नायू जास्त, दुसरीची चरबी जास्त. स्नायू स्वस्थ असतानाही चरबीपेक्षा जास्त ऊर्जा खातात. थायरॉइडचा फरक असतो. एक जण बसल्या जागी पाय हलवते, दर दहा मिनिटांनी उठते, दुसरी तासन्‌तास निवांत. म्हणून सूत्राचं उत्तर हा मधला आकडा. माणसं त्याच्या दोन्ही बाजूंना पसरलेली असतात. एवढं सगळ्यांना मान्य होतं.

सुखात्मे याच्या एक पाऊल पुढे गेले, आणि तिथेच वाद पेटला. 1970 च्या सुमारास रोमहून परतून ते पुण्यात राहिले. 1971 साली त्यांना पद्मभूषण मिळालं. त्याच वर्षी पुण्याच्याच गोखले संस्थेचे वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी दारिद्र्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात रोज माणशी 2250 कॅलरी परवडत नसतील तर ते कुटुंब गरीब, अशी रेषा होती. सुखात्म्यांचं म्हणणं, सरासरीच रेषा मानली तर धडधाकट माणसांपैकीही निम्मी उपाशी ठरतील!

शिवाय ते म्हणत की एकाच माणसाची गरजही स्थिर नसते. ब्रिटिश सैन्यातल्या नव्या जवानांचं तीन आठवडे रोजचं खाणं आणि खर्च मोजलेला होता. रोजचे चढउतार निव्वळ योगायोगाचे असतील, तर सात दिवसांच्या सरासरीत ते बरेच विरून जायला हवेत. सुखात्म्यांच्या मते ते तितके विरत नव्हते, कारण आजचा आकडा कालच्याशी बांधलेला होता. यावरून त्यांनी मांडलं, की शरीर एका मर्यादेत स्वतःला जुळवून घेतं, कमी मिळालं तर तेच अन्न जास्त काटकसरीने वापरतं. हा चढउतार त्यांनी सुमारे 15 टक्के धरला. आपल्या 2090 च्या बाईला लावून बघा. 15 टक्के म्हणजे 313, त्याची दुप्पट वजा केली की उरतात 1460 च्या आसपास. त्यांच्या हिशोबाने त्याखाली गेली तरच ती खात्रीने उपाशी. रेषा अशी खाली सरकली की देशातल्या उपाशी माणसांची संख्या एकदम घटते.

दांडेकरांनी विरोध केला. पोषणतज्ज्ञ सी. गोपालन यांनीही केला. मला स्वतःला या बाबतीत विरोधकांचं पटतं. एक तर खाणं कमीजास्त होणं म्हणजे गरज कमीजास्त होणं नव्हे. सणाला जास्त खाल्लं, उपवासाला कमी खाल्लं, गरज तीच राहिली असेल. दुसरं, चांगलं खाऊनपिऊन असलेल्या मोजक्या तरुणांवरून वर्षानुवर्षं कमी खाणाऱ्यांविषयी निष्कर्ष काढणं धोक्याचं. आणि काटकसर फुकट होत नाही. मोठं माणूस काम कमी करतं, मूल खेळणं कमी करतं, आणि शेवटी उंची खुंटते. वरून बघणाऱ्याला ते जुळवून घेतलेलं दिसतं.

मात्र त्यांची दोन मतं टिकली. गरिबांच्या आहारात फक्त प्रथिनंच कमी आहेत अशी तेव्हा हवा होती, तेव्हा ते ठासून सांगत की पोटभर कॅलरी मिळाल्या तर रोजच्या डाळ-धान्यातून प्रथिनं बहुधा पुरतात. आणि स्वच्छ पाणी नसेल तर खाल्लेलं अंगी लागत नाही, म्हणून अन्नाबरोबर पाणी आणि संडासही हवेत. देवनारच्या वस्तीतली मुलं शिकवणाऱ्याला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. 28 जानेवारी 1997 रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं.

मग खिचडी एकदाच घेणाऱ्या मुलाचं काय? पोषण आहारात पहिली ते पाचवीसाठी ताटामागे 450 कॅलरी आणि 12 ग्रॅम प्रथिनं धरलेली असतात. हा आकडा स्वयंपाकघरासाठी आहे, एका मुलाची परीक्षा घ्यायला नाही. शंभर मुलांसाठी किती तांदूळ शिजवायचा ते त्याने बरोबर कळतं. एका मुलाला पुरतंय का, ते ताटात कळत नाही, वाढीत कळतं. आपल्याच देवनारमधल्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेकडे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची जबाबदारी आहे. तिथेही लहान मुलांची उंची आणि वजनच मोजतात. वर्गात दर तीन महिन्यांनी दोन्ही लिहून ठेवा. कमी खाणारं मूल सहा महिन्यांत दोन-तीन सेंटिमीटर वाढलं, वजनही चढलं आणि मधल्या सुट्टीत पळत असेल, तर त्याची गरजच तेवढी आहे. उंची अडली, किंवा पळणारं मूल भिंतीला टेकून बसायला लागलं, तर पालकांना बोलवा आणि आरोग्य केंद्रात दाखवा, मग ते दोन वाट्या खात असलं तरी.