ठाऊक नसल्याची कबुली : इमाम मालिक (रह.)

मदीनेच्या मस्जिद-ए-नबवीत इमाम मालिक बिन अनस (रह.) यांच्या दर्सला दूरदूरचे लोक येत. एकदा मगरिबचा, म्हणजे उत्तर आफ्रिकेच्या पश्चिम भागातला, एक माणूस आला. गावकऱ्यांनी एका मस्अल्याचे उत्तर आणण्यासाठी त्याला पाठवले होते आणि प्रवासात सहा महिने गेले होते. इमामांनी प्रश्न ऐकला आणि तो आपल्याला नीट ठाऊक नाही असे सांगितले. गावी जाऊन काय सांगू, असे त्या बिचाऱ्याने विचारले, तेव्हा मालिकला हे येत नाही एवढेच सांगावे, असे त्यांनी सुचवले. थकल्या प्रवाशाचे मन राखण्यासाठी अंदाजाने काही सांगितले असते, तर ते उत्तर सहा महिन्यांच्या अंतरावर दीनचा हुकूम म्हणून रुजले असते, आणि ते दुरुस्त करायला तिथे कोणी नव्हते.

इमामांचा जन्म हिजरी 93च्या सुमारास मदीनेतच झाला. नाफिअ, इब्न शिहाब जुहरी अशा थोर उस्तादांकडे ते शिकले. ठाऊक नाही हे शब्द मात्र त्यांना इब्न हुर्मुज यांनी दिले. आलिमाने आपल्या शागिर्दांना या शब्दांचा वारसा द्यावा, म्हणजे अडचणीच्या वेळी आधाराला काहीतरी असते, अशी त्या उस्तादांची शिकवण होती. हैसम बिन जमील यांच्या कथनानुसार एका बैठकीत इमामांना 48 प्रश्न विचारले गेले आणि त्यांपैकी 32 प्रश्नांना त्यांनी ठाऊक नाही असेच उत्तर दिले. एकाने आपला मस्अला अगदी हलकासा असल्याचे म्हटले, तेव्हा ते रागावले. इल्ममध्ये हलके असे काही त्यांना मान्यच नव्हते.

हे त्यांना परवडत असे, कारण माहीत असलेले आणि नसलेले यांची सरमिसळ ते करीत नसत. आणि माहीत आहे असे वाटूनही चूक झाली, तर काय करीत, हे त्यांचे मिस्री शागिर्द इब्न वहब यांनी सांगितलेल्या एका प्रसंगातून कळते. वुजू करताना पायाच्या बोटांमधून बोट फिरवावे का, असे कोणीतरी विचारले. लोकांवर तसे काही बंधन नाही, असे इमामांनी सांगितले. इब्न वहब गर्दी ओसरेपर्यंत थांबले. मग जवळ जाऊन त्यांनी सांगितले की, आमच्याकडे याविषयी एक हदीस आहे. प्रेषित मुहम्मद (स.) करंगळीने पायाच्या बोटांमधील जागा चोळताना मुस्तौरिद बिन शद्दाद (रजि.) यांनी पाहिले होते. इमामांनी ती हदीस चांगली असल्याचे मान्य केले, आणि आजवर आपण ती ऐकलीच नव्हती, हेही सांगून टाकले. पुढे तोच प्रश्न आला, तेव्हा ते बोटांमधून बोट फिरवण्यास सांगू लागले, असे इब्न वहब यांनीच नोंदवले आहे. शागिर्दाने चारचौघांत उस्तादांना अडवले नाही, हाही त्या प्रसंगातला अदबच म्हणायचा.

ही हदीस इमामांना ठाऊक नव्हती, याचे कारण तिच्या सनदीत दिसते. ती सांगणारे लैस बिन सअद वगैरे रावी मिस्रचे. सहाबा वेगवेगळ्या प्रदेशांत गेले आणि त्यांच्यासोबत त्यांचे इल्मही विखुरले. मदीनेत कितीही शिकले, तरी मिस्रमध्ये राहिलेली एखादी रिवायत हाती न येणे शक्य होते. म्हणूनच खलीफा मन्सूर यांनी 'मुवत्ता' हा त्यांचा ग्रंथ सर्व प्रदेशांवर बंधनकारक करण्याची इच्छा दाखवली, तेव्हा इमामांनी ती नाकारली. प्रत्येक प्रदेशाकडे सहाबांकडून आलेले काहीतरी आहे, लोकांना त्यापासून तोडू नये, असे त्यांचे म्हणणे होते.

जे पक्के ठाऊक होते, त्याबाबत मात्र ते तसूभरही मागे सरत नसत. जबरदस्तीने वदवून घेतलेला तलाक ग्राह्य नाही, असे ते सांगत. मग जबरदस्तीने घेतलेली निष्ठेची शपथ तरी कशी ग्राह्य धरायची, अशी शंका यातून लोकांना येईल, ही भीती सत्ताधाऱ्यांना वाटली. हिजरी 147च्या सुमारास मदीनेचा सुभेदार जअफर बिन सुलैमान याने त्यांना फटके मारवले. त्यांचा हात खांद्यातून निखळला, तरी त्यांनी मत बदलले नाही. बत्तीस वेळा नाही म्हणणारा माणूस एकदा ठाम बोलतो, तेव्हा त्याचे वजन काय असते, हे मदीनेकरांना त्या दिवशी कळले असावे. त्या शिक्षेनंतर त्यांची प्रतिष्ठा वाढलीच, असे चरित्रकार सांगतात.

आपल्या कोकणातील अनेक घराणी ज्यांचा मजहब पाळतात, ते इमाम शाफई (रह.) हेही याच दर्समध्ये बसून शिकले. हिजरी 179 मध्ये, म्हणजे इ.स. 795 मध्ये, इमामांचे मदीनेत निधन झाले आणि जन्नतुल बकीमध्ये त्यांचा दफनविधी झाला. तो प्रवासी ज्या मगरिबातून रिकाम्या हाताने परतला होता, तिथे आजही बहुसंख्य लोक मालिकी मजहब पाळतात.