एकसंध बीम मधल्या कॉलमवर किती ताण घेतो, याचं गणित सोपं करणारा क्लॅपेरॉन

बीएस्सीच्या पुस्तकातलं क्लॉशियस-क्लॅपेरॉन समीकरण अनेकांनी परीक्षेपुरतं पाठ केलेलं असतं. पण यातल्या क्लॅपेरॉनचं दुसरं एक समीकरण आहे, ज्याचा संबंध थेट आपल्या घराच्या स्लॅबशी येतो. ते म्हणजे तीन मोमेंटचं समीकरण.

बेनुआ पॉल एमिल क्लॅपेरॉनचा जन्म 1799 चा, पॅरिसमधला. इंजिनिअरिंग शिकून 1820 मध्ये तो मित्र गॅब्रिएल लामेसोबत रशियात गेला. सेंट पीटर्सबर्गमध्ये दोघांनी दहाएक वर्षं शिकवण्याचं आणि बांधकामाचं काम केलं. 1830 च्या जुलै क्रांतीनंतर ते फ्रान्सला परतले. तेव्हा रेल्वेचं युग सुरू होत होतं आणि क्लॅपेरॉन त्यात उतरला. पॅरिस ते सेंट-जर्मेन या 1837 मध्ये सुरू झालेल्या रेल्वेमार्गाच्या उभारणीत तो होता.

रेल्वे म्हटलं की पूल आले. पुलाचा गर्डर दोनच आधारांवर असेल तर हिशोब सोपा असतो. पण तोच अखंड गर्डर तीन-चार खांबांवरून गेला की कोणता खांब किती भार घेतो, हे साध्या तराजूच्या नियमाने निघत नाही. नाव्हिएने त्याआधी मार्ग दाखवला होता. त्यात खांबांवरचा भार शोधायला जावं, तर खांब वाढतील तशी आकडेमोड हाताबाहेर जायची.

पॅरिसजवळच्या आस्निएर इथला सीन नदीवरचा पूल 1849 मध्ये पुन्हा बांधताना क्लॅपेरॉनने वेगळी वाट धरली. प्रत्येक गाळा सुटा धरायचा आणि त्याच्या दोन्ही टोकांना गर्डर किती वाकवला जातोय, म्हणजे मोमेंट किती, ते शोधायचं. गर्डर अखंड असल्याने खांबावर डावीकडचा आणि उजवीकडचा उतार एकच असणार. ही एक अट लावली की प्रत्येक समीकरणात शेजारच्या फक्त तीन खांबांचे मोमेंट उरतात. 1857 मध्ये त्याने हे काम फ्रेंच विज्ञान अकादमीपुढे मांडलं. आज वापरतो त्या रूपात मात्र हे समीकरण बेर्तो नावाच्या इंजिनिअरने 1855 मध्येच छापलं होतं. तरी नाव क्लॅपेरॉनचंच टिकलं.

आता हे समीकरण घरात आणू. समजा, अहिल्यानगर जिल्ह्यातल्या बेलापुरात कुणी घर बांधतंय. एकच बीम तीन कॉलमवर आहे. एक गाळा 4 मीटरचा, त्यावर मीटरला 1.5 टन भार. दुसरा 6 मीटरचा, त्यावर मीटरला 2 टन. बीमची जाडी सगळीकडे सारखी.

```
M1·L1 + 2·M2·(L1+L2) + M3·L2 = w1·L1³/4 + w2·L2³/4
```

L म्हणजे गाळ्याची लांबी, w म्हणजे मीटरमागचा भार आणि M म्हणजे कॉलमवरचा, बीमची वरची बाजू ताणणारा मोमेंट. दोन्ही टोकं नुसती टेकलेली आहेत, म्हणून M1 आणि M3 शून्य. उजवीकडे 24 अधिक 108, म्हणजे 132. डावीकडे 20 गुणिले M2. उत्तर 6.6 टन-मीटर.

दोन सुटे बीम टाकले असते तर मोठ्या गाळ्याच्या मध्यावर 9 टन-मीटर आलं असतं. अखंड बीममध्ये त्या गाळ्यात जास्तीत जास्त 6 येतं. फायदा मोठा आहे, पण मधल्या कॉलमवर बीमची वरची बाजू ताणली जाते. लहान गाळ्यात तर कॉलमपासून तब्बल 2.2 मीटरपर्यंत ताण वरच आहे. तिथे मुख्य सळई फक्त खाली टाकली, तर कॉलमच्या डोक्यावर बीमला वरून उभी भेग जाते. भेग वर रुंद आणि खाली बारीक होत गेली, तर संशय याच चुकीचा घ्यायचा.

अजून एक गंमत. लहान खोली रिकामी असेल आणि तिथला भार मीटरला अर्धा टनच उरला, तर मधला मोमेंट 5.8 होतो. मग लहान गाळ्याचं टोक साडेचारशे किलोच्या जोराने वर उचलू पाहतं. नुसत्या भिंतीवर टेकवलेलं टोक असेल तर ते सुटू शकतं. म्हणून सगळे गाळे भरलेले धरून एकच हिशोब पुरत नाही, एक-एक गाळा रिकामा धरूनही तपासावं लागतं.

या सोप्या रूपात कॉलम जागचा हलत नाही असं गृहीत आहे. काळ्या मातीत मधला पाया खचला, तर समीकरणात आणखी पदं येतात आणि मधल्या कॉलमवरचा मोमेंट कमी होऊन मोठ्या गाळ्याच्या मध्यावरचा वाढतो. म्हणजे भेग आता खालून दिसते.

क्लॅपेरॉन 1858 मध्ये अकादमीचा सदस्य झाला आणि 1864 मध्ये पॅरिसमध्येच वारला. पुढच्या वेळी मिस्त्री मधल्या कॉलमवर बीमच्या वरच्या बाजूला जादा सळई बांधताना दिसला, तर ती वायफळ खर्च म्हणून काढायला लावू नका. त्या सळईमागे याच माणसाचं गणित आहे.