टोपी घालता न येणारे आजोबा

जोनाथन हचिन्सन यांचा जन्म १८२८ साली इंग्लंडमधल्या सेल्बी गावी झाला. लंडनला शल्यविशारद झाल्यावर त्यांनी शस्त्रक्रियेबरोबर डोळ्यांचे आणि त्वचेचे रोगही अभ्यासले. रोग्याकडे नीट पाहायचे आणि दिसेल ते लिहून ठेवायचे, ही त्यांची सवय होती. अनुमानात मात्र ते कधी चुकत. कुष्ठरोग खराब मासळीमुळे होतो, हे मत ते हिंदुस्थानचा प्रवास करूनही शेवटपर्यंत सोडायला तयार नव्हते.

१८९० साली त्यांनी ऐंशी ओलांडलेल्या एका गृहस्थाची हकीकत प्रसिद्ध केली. या आजोबांच्या डोक्यावर लाल रेघा उमटल्या होत्या आणि त्या इतक्या दुखत की टोपी घालणे अशक्य झाले होते. हचिन्सननी बोटांनी चाचपून पाहिले, तर त्या रेघा म्हणजे कानशिलावरच्या सुजलेल्या रोहिण्या होत्या. त्यांचे ठोके आधी मंद झाले, मग थांबले. सूज उतरली, पण रक्तवाहिनीची जागा एका कडक दोरीने घेतली. आजोबा पुढे काही वर्षे जगले.

या टिपणात जबडा किंवा दृष्टीचा उल्लेख नव्हता. १९३२ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये बेयार्ड हॉर्टन आणि सहकाऱ्यांनी अशा रोहिणीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासला, आणि हा स्वतंत्र आजार असल्याचे स्पष्ट झाले. दाहाने रोहिणीची भिंत जाड होते आणि आतली वाट अरुंद होते. चावताना जबड्याच्या स्नायूंना जास्त रक्त लागते. ते पोचत नाही, म्हणून चार घास चावले की जबडा दुखतो आणि थांबले की बरे वाटते. दातदुखी अशी थांबून-थांबून येत नाही. डोळ्याच्या नसेला रक्त पुरवणारी बारीक रोहिणी बंद झाली, तर दृष्टी अचानक जाते, बहुधा न दुखता, आणि सहसा परत येत नाही. उपचार झाले नाहीत, तर काही दिवसांत दुसरा डोळाही जाऊ शकतो.

हचिन्सन यांच्याजवळ यावर औषध नव्हते. ते १९१३ साली वारले आणि स्टेरॉइड त्यानंतर सुमारे साडेतीन दशकांनी हाती आले. आज पन्नाशीनंतर, विशेषतः सत्तरीपुढे, नवी डोकेदुखी, केस विंचरताना दुखणारे डोके आणि चावताना दुखणारा जबडा एकत्र दिसले, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. क्षणभर अंधारी येणे किंवा एकाचे दोन दिसणे सुरू झाले असेल, तर थेट रुग्णालय गाठावे. रक्तातील ईएसआर आणि सीआरपी बहुधा वाढलेले असतात. दाट शंका असली, की डॉक्टर तुकडा-तपासणीची वाट न पाहता स्टेरॉइड सुरू करतात. तपासणी पुढच्या काही दिवसांत केली तरी चालते. आपल्याकडे हा आजार युरोपपेक्षा कमी आढळतो, म्हणूनच तो दाताच्या किंवा चष्म्याच्या तक्रारीत हरवण्याचा धोका अधिक.