भटारखान्यातला समाजशास्त्रज्ञ : अर्व्हिंग गॉफमन

समाजशास्त्राच्या तासाला अनेक परदेशी विद्वानांची नावे कानावर पडतात आणि परीक्षा संपली की ती विसरलीही जातात. अर्व्हिंग गॉफमन हे नाव मात्र माझ्या मनातून गेले नाही. त्याला कारण आहे. गेली दोन वर्षे मी सायंकाळी आपल्या म्हसवड गावातील एका हॉटेलात वेटरचे काम करतो. ज्या विद्वानाने हॉटेलच्या भटारखान्यात भांडी विसळता विसळता समाजशास्त्राचा एक नवा विचार उभा केला, त्याचे चरित्र मला परके कसे वाटावे? त्याच्या जीवनाची ओळख विद्यार्थिमित्रांना करून द्यावी, आणि त्यासोबत माझे स्वतःचे एक येणेही फेडावे, हा या लेखाचा हेतू आहे.

गॉफमन यांचा जन्म ११ जून १९२२ रोजी कॅनडातील अल्बर्टा प्रांतात मॅनव्हिल या लहान गावी झाला. आईवडील युक्रेनमधून आलेले ज्यू होते. पुढे हे कुटुंब मॅनिटोबातील डॉफिन येथे राहू लागले. तेथे वडिलांचे कपड्यांचे दुकान होते. गिऱ्हाइकासमोरचे बोलणे आणि घरातले बोलणे यांतील फरक दुकानदाराच्या मुलाला कोणी शिकवावा लागत नाही. तो त्यांनी लहानपणीच पाहिला असला पाहिजे, असे मला आपले वाटते.

१९३९ साली ते मॅनिटोबा विद्यापीठात दाखल झाले, तेही रसायनशास्त्र शिकण्यासाठी! तो अभ्यास अर्धवट सोडून काही काळ त्यांनी ओटावा येथे कॅनडाच्या राष्ट्रीय चित्रपट मंडळात नोकरी केली. तेथून ते समाजशास्त्राकडे वळले. १९४५ साली टोरांटो विद्यापीठाची पदवी घेतली आणि पुढील शिक्षणासाठी अमेरिकेत शिकागो विद्यापीठात गेले. येथवरचा प्रवास पुष्कळांचा असतो तसाच आहे. वेगळेपण सुरू होते ते १९४९ च्या डिसेंबरात.

स्कॉटलंडच्याही उत्तरेला शेटलंड नावाची बेटे आहेत. त्यांतील अन्स्ट हे बेट अगदी टोकाचे. झाडे फारशी नाहीत, वारा अखंड, लोक मेंढ्या पाळणारे, थोडी शेती आणि मासेमारी करणारे. आपल्या माणदेशातील माणसाला मेंढरे आणि उघडे माळ यांची ओळख करून द्यायला नको. पाऊस तेवढा तेथे उदंड! या बेटावर गॉफमन १९५१ च्या मे महिन्यापर्यंत, मध्ये काही खंड पडून, सुमारे एक वर्षभर राहिले. शेतीच्या पद्धतींत रस असणारा एक विद्यार्थी अशी त्यांनी आपली ओळख सांगितली होती. म्हणजे दुसऱ्यांचे वागणे पाहायला गेलेला हा माणूस स्वतःही एक सोंग घेऊनच वावरत होता.

आरंभी ते तेथील छोट्या हॉटेलात उतरले. पुढे एक झोपडीवजा घर घेतले, तरी जेवणासाठी ते हॉटेलातच येत आणि मागच्या बाजूला भांडी विसळायला हातभारही लावत. त्यांना जे सापडले ते या मोरीजवळच.

हॉटेलचे मालक नवराबायको हे त्याच बेटावरच्या शेतकरी वर्गातले होते. समोर जेवणघरात उतारू बसत. त्यांच्यापुढे मालक आणि वाढणाऱ्या मुली शहरी मध्यमवर्गीय रीतीने वागत, हळू बोलत, अदबीने वाढत. एक दार ओलांडले की स्वयंपाकघरात बेटावरची बोली, बेटावरचे बसणे-उठणे. तेथे भांडी घासणारा चौदा वर्षांचा पोरगा तिशी ओलांडलेल्या मालकाला खुशाल एकेरी नावाने हाक मारी. चुलीवरच्या किटलीवर ओले मोजे वाळत. ताज्या चहाची मागणी आली तरी तो तळाशी जुनी पत्ती चिकटलेल्या भांड्यातच होई. जेवणघरातून उरून आलेले लोणी पुन्हा नीट वळून, नव्यासारखे करून बाहेर जाई. गर्दीच्या वेळी पेले धुण्याऐवजी नुसते रिकामे करून पुसले जात.

एखाद्या वार्ताहराने यातून हॉटेलचे वाभाडे काढले असते. गॉफमन यांचे लक्ष मधल्या दाराकडे गेले. वाढणाऱ्या मुलींना ते दार उघडे हवे असे, कारण हातांत ताटे असत, कोणाचे जेवण कोठवर आले आहे हे आतूनच दिसे आणि बाहेरच्या माणसांशी संबंधही राहे. मालकांना ते बंद हवे असे, कारण आतले घरगुती वागणे दिसले की बाहेर उभे केलेले चित्र कोसळे. त्यामुळे दिवसभर ते दार एकाने आपटून लावावे आणि दुसऱ्याने ढकलून उघडावे असे चाले. या भांडणातून गॉफमन यांनी ओळखले की समाजातील वागणे माणसाच्या स्वभावाइतकेच जागेवरही अवलंबून असते. प्रेक्षक असतात तो पुढचा रंगमंच, प्रेक्षक नसतात ते पडद्यामागचे स्थान. पुढे दाखवायच्या देखाव्याची तयारी मागे होते, आणि तो देखावा थोडा वेळ उतरवून ठेवण्याची मुभाही मागेच मिळते. शिवाय हे नाटक एकट्याचे नसते. मालक, वाढपी, आचारी मिळून ती एक नाटकमंडळी असते आणि एकाच्या चुकीने सगळ्यांचा प्रयोग पडतो. ज्या सांगलीत १८४३ साली विष्णुदास भावे यांनी सीतास्वयंवराचा खेळ केला, तिच्या शेजारच्या मुलखातील आपल्याला विंग आणि रंगपट यांचा अर्थ समजावून सांगायला नको.

१९५३ साली या अभ्यासावर त्यांना डॉक्टरेट मिळाली. त्यातूनच 'द प्रेझेंटेशन ऑफ सेल्फ इन एव्हरीडे लाइफ' हे पुस्तक तयार झाले. ते १९५६ साली एडिंबरो येथे आणि वाढवलेल्या स्वरूपात १९५९ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाले.

आता आमच्या हॉटेलाकडे येतो. बाके आठ, माणसे बसतात बत्तीस. पुढे गल्ल्यावर मालक, उदबत्ती, सिद्धनाथाचा फोटो. मागे भटारखाना आणि त्याच्याही मागे मोरी. मध्ये दार नाही, एक कळकट पडदा आहे. पडद्याच्या पुढे गिऱ्हाईक 'साहेब' किंवा 'पाव्हणं' असते, मागे ते 'तीन नंबर' होते. पुढे मी पाच मिनिटांत आणतो असे नम्रपणे सांगतो आणि मागे येऊन तीन नंबरच्या नावाने बोटे मोडतो. गॉफमन यांनी हेही टिपले आहे. गैरहजर प्रेक्षकाची टिंगल करून मंडळी आपली एकजूट टिकवतात आणि पुन्हा हसतमुखाने बाहेर जायला बळ मिळवतात.

मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेला, सिद्धनाथाच्या रथाच्या दिवशी, गर्दीला अंत नसतो. पेल्यांचे गणित पाहा. आमच्याकडे पेले साठ. बत्तीस माणसे दर वीस मिनिटांनी बदलतात, म्हणजे तासाला शहाण्णव पेले लागतात. मोरीवर एकच माणूस. राखेने घासून दोन पाण्यांतून काढायला एका पेल्याला मिनिट जाते, म्हणजे तासाला साठ पेले. दर तासाला छत्तीस पेल्यांची तूट. बाकांवरचे बत्तीस सोडले तर हाताशी उरतात अठ्ठावीस, ते पाऊण तासात संपतात. त्यानंतर फडके पुढे येते. अन्स्ट बेटावरचे पेले का पुसले जात, हे मला पुस्तक वाचण्याआधीच ठाऊक होते. त्यात आळसापेक्षा हे गणितच जास्त असते. पेला उजेडात धरला की पुसल्याचे ओरखडे दिसतात, काठाला फडक्याचा वास येतो. पण गिऱ्हाईक सहसा पाहत नाही. प्रयोग पडू नये म्हणून प्रेक्षकही थोडी डोळेझाक करतो, हेही गॉफमन यांनीच सांगून ठेवले आहे.

त्या दिवशी मोरीवर जो माणूस होता, त्याच्याविषयी आता लिहितो. दुपारी आमच्या वर्गातील चारपाच मित्र आणि एक प्राध्यापक जेवायला आले व तीन नंबरला बसले. पेले संपले होते. मी हाक मारली आणि तो माणूस पेल्यांचा ट्रे घेऊन स्वतःच पडद्याबाहेर आला. अंगात भिजलेली बंडी, पायांत काही नाही, हात राखेने पांढरे. मागच्या माणसाने पुढे यायचे नाही हा आमच्याकडचा नियम, मालकाने डोळ्यांनी मला खुणावले. मी ट्रे घेतला. हे कोण, असे एका मित्राने सहज विचारले. भांडीवाला आहे, असे मी सांगितले. ते त्याला ऐकू गेले. तो काही न बोलता आत गेला. रात्री हॉटेल बंद झाल्यावर आम्ही सगळे भटारखान्यात जेवायला बसलो, तेव्हा त्याने नेहमीप्रमाणे पहिली भाकरी माझ्याच ताटात वाढली. ते माझे वडील.

गॉफमन यांचे पुस्तक मी त्यानंतर वाचले. पडदा, मालकाची खूण, प्रेक्षक, मंडळीची शिस्त, माझ्या तोंडून ते शब्द का निघाले याची सगळी कारणे त्यात होती. क्षणभर हायसे वाटले. पण त्याच पुस्तकाच्या शेवटी गॉफमन स्वतःच बजावतात की नाटकाची ही उपमा केवळ बांधकामाची परांची आहे. इमारत उभी राहिली की ती उतरवायची असते. रंगमंचावरचा मृत्यू खोटा असतो. खऱ्या जगण्यात लागलेले खरेच लागते. वडिलांना जे लागले ते कोणत्याही पडद्याने खोटे होत नाही. पडद्यामुळे ते शब्द सोपे झाले, तरी उच्चारले मीच.

गॉफमन यांचे पुढचे आयुष्य मोठ्या मानाचे, पण सुखाचेच होते असे नाही. १९५५-५६ मध्ये ते वॉशिंग्टनच्या सेंट एलिझाबेथ्स या मनोरुग्णालयात क्रीडासंचालकाचे मदतनीस म्हणून वावरले. 'असायलम्स' हे १९६१ चे पुस्तक त्या अनुभवावर उभे आहे. तेथील रोग्यांना पडद्यामागची जागाच उरत नाही, सारा दिवस कोणाच्या तरी नजरेखाली जातो, हे त्यांनी दाखवले. १९६४ साली त्यांच्या पत्नीने आत्महत्या केली. १९६८ मध्ये ते बर्कली सोडून पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात गेले. स्वतःचे छायाचित्र काढू देणे त्यांना आवडत नसे. अमेरिकन समाजशास्त्र परिषदेचे ते १९८२ सालचे अध्यक्ष होते, परंतु आजारपणामुळे अध्यक्षीय भाषण करू शकले नाहीत. २० नोव्हेंबर १९८२ रोजी कर्करोगाने त्यांचे निधन झाले. ते भाषण पुढच्या वर्षी छापील रूपात वाचकांसमोर आले.

वार्षिक अंकाचे पान हाही एक पुढचाच रंगमंच आहे, हे मी जाणतो. येथे सगळे आपापले चांगले कपडे घालून येतात. तीन नंबरला बसलेले माझे मित्र आणि आमचे सर हे पान वाचतील म्हणूनच मी ते लिहिले. वडिलांना वाचता येत नाही. अंक हाती आला की रात्री भटारखान्यात मी त्यांना तो वाचून दाखवणार आहे.