बार्बरा मॅक्लिन्टॉक आणि मक्याचे ठिपकेदार दाणे



पावसाळा सुरू झाला की आपण भुट्टे खातो, भुट्ट्याचा कीस तर आवडीने खातो. पण एकाच कणसात काही दाणे पांढरे, काही जांभळे आणि काही पांढऱ्यावर जांभळे ठिपके असलेले, असे कणीस आपल्या बाजारात सहसा दिसत नाही. अशाच कणसांचा अभ्यास करण्यात अमेरिकेच्या एका विदुषीने सारे आयुष्य घालविले. त्यांचे नाव बार्बरा मॅक्लिन्टॉक.

त्यांचा जन्म १६ जून १९०२ रोजी हार्टफर्ड येथे झाला. कॉर्नेल विद्यापीठातून १९२७ साली त्यांनी डॉक्टरेट मिळविली. मक्याची गुणसूत्रे सूक्ष्मदर्शकाखाली एकेक ओळखण्यात त्यांचा हात धरणारे फार थोडे होते. १९३१ साली हॅरिएट क्रायटन यांच्या सोबत त्यांनी दाखविले की, गुणसूत्रांच्या जोडीत तुकड्यांची प्रत्यक्ष अदलाबदल होते. त्यानंतर काही वर्षे मिसुरी विद्यापीठात नोकरी केली, आणि १९४१ पासून शेवटपर्यंत त्या न्यूयॉर्कजवळील कोल्ड स्प्रिंग हार्बर येथे राहिल्या. मका स्वतः पेरायचा, परागीकरण स्वतःच्या हाताने करायचे आणि प्रत्येक दाण्याची नोंद ठेवायची, असा त्यांचा क्रम होता.

१९४४-४५ च्या पिकात त्यांना एक विचित्र गोष्ट आढळली. काही रोपांत नववे गुणसूत्र नेहमी एकाच जागी तुटत होते. त्या जागेला त्यांनी डिसोसिएशन, थोडक्यात डीएस, असे नाव दिले. परंतु डीएस एकटे असले तर काहीच घडत नसे. दुसरा एक घटक हजर असला तरच तुटणे होई. त्याला त्यांनी अ‍ॅक्टिव्हेटर, म्हणजे एसी, म्हटले (खोली थंड करणारा एसी नव्हे!). पुढे काही दाण्यांत तुटण्याची जागाच बदललेली दिसली. म्हणजे डीएस आपली जागा सोडून दुसरीकडे जाऊन बसले होते. १९४८ पर्यंत त्यांची याविषयी खात्री झाली.

आता ठिपक्यांचे कोडे पाहू. दाण्याला जांभळा रंग देणारे एक जनुक आहे. डीएस त्याच्या मध्येच शिरले की जनुक बिघडते आणि दाणा पांढरा राहतो. दाणा वाढत असताना, एसी सोबत असेल तर, एखाद्या पेशीतून डीएस निघून जाते. त्या पेशीत रंग परत येतो आणि तिच्यापासून झालेल्या सर्व पेशी जांभळ्या होतात. डीएस लवकर निघाले तर ठिपका मोठा, उशिरा निघाले तर बारीक. त्यांना आणखी असे दिसले की, एसीच्या प्रती जितक्या जास्त, तितके हे निघणे उशिरा होते आणि ठिपके लहान पडतात. म्हणून त्या नुसता दाणा पाहून आत एसीच्या किती प्रती आहेत हे सांगू शकत.

हे का घडते ते नंतर कळले. एसीमध्ये एक विकर तयार करण्याची माहिती असते. ते विकर कात्रीसारखे काम करते. ते तुकडा कापते आणि दुसरीकडे चिकटविते. डीएस म्हणजे खंडित झालेले एसीच आहे. त्याच्याजवळ कात्री नाही, म्हणून शेजाऱ्याची उसनी लागते. तुकडा निघाल्यावर त्या जागी बहुधा काही जादा अक्षरे उरतात. जनुक तीन-तीन अक्षरांनी वाचले जाते, त्यामुळे उरलेल्या अक्षरांनी वाचन घसरले तर तुकडा जाऊनही जनुक दुरुस्त होत नाही. उत्परिवर्तन कायम राहते.

१९५० साली त्यांनी शोधनिबंध छापला व १९५१ च्या परिषदेत विषय मांडला. प्रतिसाद थंड मिळाला. मक्यात घटक सरकतात हे अनेकांनी मान्य केले, पण हेच घटक सजीवाच्या वाढीचे नियंत्रण करतात, हे त्यांचे म्हणणे पटले नाही. आणि माझ्या समजुतीप्रमाणे त्या रूपात ते सिद्धही झाले नाही. १९५३ नंतर त्यांनी या विषयावरील सविस्तर लेखन जवळजवळ थांबविले, काम मात्र चालू ठेवले. साठच्या दशकाच्या शेवटी जिवाणूंतही असे फिरते तुकडे सापडले, तेव्हा लोकांना त्यांची आठवण झाली. १९८३ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना एकटीला मिळाले. तेव्हा त्या ८१ वर्षांच्या होत्या. घरी टेलिफोन नसल्याने ही बातमी त्यांनी रेडिओवर ऐकली.

२ सप्टेंबर १९९२ रोजी त्यांचे निधन झाले. मक्याचा संपूर्ण जीनोम वाचला गेला तो २००९ साली. त्याची लांबी सुमारे २३० कोटी अक्षरे निघाली, तर तांदळाची केवळ ४० कोटींच्या आसपास आहे. जनुकांच्या संख्येत मात्र एवढा फरक नाही. मक्याचा सुमारे ८५ टक्के भाग फिरत्या तुकड्यांनीच भरलेला आहे. पण त्यांतील बहुतेक एसीसारखे नाहीत. कापून चिकटविणारा तुकडा जुनी जागा रिकामी करतो, म्हणून जीनोम फारसा फुगत नाही. दुसऱ्या जातीचे तुकडे मूळ जागा सोडतच नाहीत. ते स्वतःची आरएनए प्रत काढतात, तिच्यावरून पुन्हा डीएनए बनते आणि ती नवीन जागी बसते. एकाचे दोन, दोनाचे चार. अशा प्रती साचत साचत मक्याचा जीनोम गेल्या काही दशलक्ष वर्षांत फुगत गेला.