दहावी-बारावीला छळणारं ९:३:३:१ मेंडेल यांनी कसं तपासलं, आणि परळच्या रक्तगटात त्याचं ९:३:४ कसं होतं

१९५२ साली परळच्या केईएम हॉस्पिटलमधल्या डॉ. य. म. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक नवाच रक्तगट जगासमोर आणला. तोच तो बॉम्बे ब्लड ग्रुप. आईबापांच्या रक्तगटावरून मुलाचा गट सांगण्याचं नेहमीचं गणित इथे फसतं. पण का फसतं, याचं उत्तर मिळतं ते अडुसष्ट वर्षांपूर्वीच वारलेल्या एका पाद्रीबाबाच्या वहीत.

ग्रेगोर मेंडेल. जन्म १८२२ चा, आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या एका शेतकऱ्याच्या घरात. घरची परिस्थिती बेताची. धाकट्या बहिणीने आपल्या हुंड्यातला वाटा दिला म्हणून शिक्षण पुढे सरकलं. १८४३ मध्ये ब्रनोच्या मठात दाखल झाले. शिक्षक होण्याची परीक्षा १८५० मध्ये नापास. मग मठाने व्हिएन्नाला शिकायला पाठवलं आणि तिथे त्यांनी भौतिकशास्त्र, गणित शिकून घेतलं. मोजायची सवय त्यांना लागली ती बहुधा इथेच.

१८५६ पासून त्यांनी मठाच्या बागेत वाटाणे लावले. गोल-पिवळे दाणे देणारं झाड आणि सुरकुतलेले-हिरवे दाणे देणारं झाड, यांचा संकर केला. पहिल्या पिढीत सगळे दाणे गोल-पिवळे. त्या दाण्यांची १५ झाडं वाढवली, तेव्हा दुसऱ्या पिढीचे ५५६ दाणे मिळाले. ३१५ गोल-पिवळे, १०१ सुरकुतलेले-पिवळे, १०८ गोल-हिरवे आणि ३२ सुरकुतलेले-हिरवे. म्हणजे साधारण ९:३:३:१.

उत्तर बरोबर आहे का, हे बघायची सोपी युक्ती म्हणजे एका वेळी एकच गुण मोजायचा. रंग विसरून आकार बघा. गोल ४२३, सुरकुतलेले १३३. आता आकार विसरून रंग बघा. पिवळे ४१६, हिरवे १४०. दोन्हीकडे जवळपास ३:१. दोन गुण एकमेकांच्या वाटेत येत नसतील तर दोन्ही प्रमाणांचा गुणाकार करायचा. तीन चतुर्थांश गुणिले तीन चतुर्थांश म्हणजे सोळात नऊ. परीक्षेत चौकटी भरून झाल्यावर हीच पडताळणी करावी. चारही आकड्यांची बेरीज सोळा आली म्हणून उत्तर बरोबर ठरत नाही. प्रत्येक गुण सुटा करून ३:१ निघाला पाहिजे.

मेंडेल मात्र एवढ्यावर थांबले नाहीत. ३१५ गोल-पिवळे दाणे दिसायला एकसारखे, पण त्यांच्या हिशेबाने आतून चार प्रकारचे असायला हवे होते, १:२:२:४ या प्रमाणात. दाणा फोडून ते कळत नाही, पेरावा लागतो. पेरल्यावर ३०१ झाडांना दाणे आले. फक्त गोल-पिवळे देणारी ३८, एकाच गुणात फुटणारी ६५ आणि ६०, दोन्ही गुणांत फुटणारी १३८. हिशेबाने यायला हवी होती अंदाजे ३३, ६७, ६७ आणि १३४. खरी तपासणी ही.

१८६५ मध्ये त्यांनी हे ब्रनोच्या सभेत वाचून दाखवलं, पुढच्या वर्षी छापलं. फारसं कुणी लक्ष दिलं नाही. १८६८ मध्ये ते मठाधिपती झाले आणि बागेला वेळ उरला नाही. ६ जानेवारी १८८४ ला ते गेले. जगाला त्यांचं काम सापडलं थेट १९०० साली.

आता परत परळला. ए आणि बी हे पदार्थ रक्तपेशीवर बसतात ते एच नावाच्या पायावर. एच तयार करणारा जनुक वेगळ्या गुणसूत्रावर आहे, म्हणजे वाटाण्यासारखाच स्वतंत्र वाटला जातो. समजा आई आणि बाबा दोघंही ए गटाचे, पण दोघांत ओचा जनुक लपलेला आणि एचचीही एकच चालू प्रत. सोळापैकी नऊ मुलं ए गटाची. तिघं साधी ओ. उरलेल्या चौघांत एचच नाही. त्यातल्या तिघांत एचा जनुक असूनही बसायला पायाच नसल्यामुळे तो दिसत नाही. नेहमीच्या चाचणीत हे चौघंही ओच दिसतात आणि प्रमाण ९:७ भासतं. एच तपासलं की खरं ९:३:४ बाहेर येतं. मेंडेल यांचे शेवटचे दोन खाने, ३ आणि १, इथे एक झालेत, बाकी गणित तेच.

दोन-तीन मुलांच्या घरात हे प्रमाण दिसणार नाही, त्यासाठी ५५६ दाण्यांसारखा मोठा आकडा लागतो. पण रक्तपेढीत प्रमाणाशी नाही, एका माणसाशी गाठ असते. बॉम्बे गटाच्या रक्तात एचविरुद्धची प्रतिपिंडं असतात, त्यामुळे ओ समजून साधं ओ रक्त चढवलं तर जीव जाऊ शकतो. त्याला रक्त लागतं ते बॉम्बे गटाचंच.